दिशा बरोबर, तरी सौदा कापला

4 जून 2024 ला लोकसभेचे निकाल लागले आणि निफ्टी एका दिवसात जवळपास सहा टक्के कोसळला. तिसऱ्याच दिवशी, 7 जूनला, तो पुन्हा 23,290 वर बंद झाला, म्हणजे निकालाच्या आदल्या दिवशी होता त्याहूनही वर. ज्यांच्याकडे स्वतःच्या पैशाने घेतलेले शेअर होते, त्यांच्यासाठी तो आठवडा धडकी भरवणारा असला तरी खिशाला फारसा न लागणारा ठरला. पण त्याच आठवड्यात, त्याच दिशेने पैसे लावलेल्या असंख्य छोट्या ट्रेडरांच्या खात्यातून मोठी रक्कम कायमची गेली. बाजार परत वर आला तेव्हा त्यांचा सौदा शिल्लकच नव्हता. तो त्यांनी विकला नव्हता, ब्रोकरने कापला होता.

हे कसं होतं ते एका माणसाच्या खात्यातून पाहिलं तर नीट कळतं. त्यासाठी अनघा ही व्यक्ती मी या लेखापुरती उभी केली आहे. तिचं खातं आणि तिच्या ब्रोकरचे नियम यांचे आकडे हिशेबाला सोपे जावेत म्हणून ठरवलेले आहेत. बाजाराचे आकडे मात्र त्या दिवसांचे खरे आहेत.

अनघा नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत एका औषध कंपनीच्या क्वालिटी लॅबमध्ये काम करते. म्युच्युअल फंडाची एसआयपी तीन-चार वर्षं चालू आहे, थोडे शेअरही आहेत. फ्युचर्स-ऑप्शन्सचा विभाग तिने मे महिन्यात सुरू करून घेतला. त्यासाठी उत्पन्नाचा पुरावा लागतो, म्हणून पगाराचं बँक स्टेटमेंट अपलोड केलं. तेव्हापासून लॉग-इन केलं की दर वेळी एक सूचना समोर यायची : या विभागात दहापैकी नऊ वैयक्तिक ट्रेडरांना तोटा होतो. सेबीनेच ती दाखवणं बंधनकारक केलं आहे. अनघा खालचं बटण दाबून पुढे जायची.

1 जूनच्या संध्याकाळी, शनिवारी, एक्झिट पोल आले. जवळपास सगळ्यांनी सत्ताधारी आघाडीला दणदणीत बहुमत दिलं. सोमवारी, 3 जूनला, बाजार मोठ्या उसळीनेच उघडला आणि निफ्टी सव्वातीन टक्के वाढून 23,264 वर बंद झाला. निकाल पोलसारखेच लागले तर मंगळवारी आणखी तेजी येणार, हे अनघाच्या मामेभावापासून टीव्हीवरच्या तज्ज्ञांपर्यंत सगळे सांगत होते. तिने खात्यात 1 लाख 80 हजार रुपये ठेवले होते. सोमवारी दुपारी 23,250 या भावाने तिने निफ्टी फ्युचरचे दोन लॉट घेतले.

फ्युचर घेणं म्हणजे निफ्टी ठरलेल्या मुदतीला आजच्या भावाने घेण्याचा करार करणं. त्या काळात निफ्टीचा एक लॉट 25 चा होता. म्हणजे दोन लॉटचे 50, गुणिले 23,250. कराराची किंमत झाली 11 लाख 62 हजार 500 रुपये. एवढे पैसे कुणी मागत नाही. करार पाळला जाईल याची हमी म्हणून एक अनामत ठेवून घेतात, तिला मार्जिन म्हणतात. अनघाच्या स्क्रीनवर एका लॉटला 70 हजार दिसत होते, म्हणजे किमतीच्या साधारण 12 टक्के. दोन लॉटचे 1 लाख 40 हजार अडकले आणि 40 हजार मोकळे राहिले.

इथे तिच्या डोक्यात एक गणित बसलं आणि ते अर्धवट होतं. तिला वाटलं, आपण 1 लाख 40 हजार गुंतवले आहेत. प्रत्यक्षात ती साडेअकरा लाखांच्या मालाची धनी झाली होती, आणि त्या सगळ्या मालाची चढउतार तिच्या 1 लाख 80 हजारांतून वळती होणार होती. निफ्टी एक टक्का हलला की 11,600 रुपये. तिच्या खात्याच्या मानाने तो साडेसहा टक्क्यांचा हादरा. लिव्हरेज म्हणतात ते हेच. नफ्याच्या बाजूने ते गणित तिने केलंही होतं : निफ्टी 500 अंक वर गेला तर 25 हजार. उलट्या बाजूने किती अंक परवडतील, हे मात्र तिने मांडून पाहिलं नव्हतं.

ते गणित अवघड नाही. तिच्याकडचे मोकळे 40 हजार भागिले 50, म्हणजे 800 अंक. निफ्टी 22,450 पर्यंत उतरला की मोकळे पैसे संपणार आणि मार्जिन कमी पडायला लागणार. म्हणजे साडेतीन टक्क्यांची घसरण. एरवी एका दिवसात निफ्टी एवढा क्वचितच पडतो. पण तो एरवीचा दिवस नव्हता. 2004 साली मे महिन्यात अनपेक्षित निकाल लागला, तेव्हा 17 मे रोजी बाजार इतका कोसळला होता की व्यवहार मध्येच थांबवावे लागले होते. निकालाच्या दिवशी बाजार दोन्ही बाजूंना पिसाटू शकतो, याला इतिहास आहे.

मंगळवारी निफ्टी 23,180 च्या आसपास उघडला. अनघाने कंपनीच्या गेटवर मोबाइलवर पाहिलं, तोटा साडेतीन हजार. मतमोजणी नुकतीच सुरू झाली होती. लॅबमध्ये फोन नेता येत नाही, तो लॉकरमध्ये ठेवावा लागतो. तिने ठेवला आणि ती कामाला लागली.

मतमोजणीचे कल जसजसे स्पष्ट होत गेले, तसतसा बाजार खाली जात राहिला. 22,450 ओलांडून निफ्टी खाली गेला तेव्हा लॉकरमधल्या फोनवर पहिला मेसेज आला : मार्जिन कमी पडत आहे, त्वरित निधी भरा. पाठोपाठ ई-मेल, मग आणखी एक मेसेज, त्यात कमी पडणारी रक्कम मोठी झालेली. यालाच मार्जिन कॉल म्हणतात. नाव कॉल असलं तरी फोन येईलच असं नाही, आणि मुदत मिळेलच असंही नाही.

अनघाच्या ब्रोकरच्या नियमावलीत असं होतं की खात्यातले पैसे आवश्यक मार्जिनच्या दोन तृतीयांशावर आले, तर कंपनी सौदा बंद करू शकते. 1 लाख 40 हजारांचे दोन तृतीयांश म्हणजे सुमारे 93 हजार. तोटा 87 हजारांवर गेला की ती वेळ येणार. 87 हजार भागिले 50 म्हणजे 1,740 अंक, भाव 21,510. निफ्टी त्या दिवशी त्याच्याही खाली गेला. 21,510 ला ब्रोकरच्या जोखीम विभागाच्या यंत्रणेने तिचे दोन्ही लॉट विकायला काढले, मिळेल त्या भावाला. पडत्या बाजारात मिळेल त्या भावाला विकायचं म्हटलं की दिसतो तो भाव मिळत नाही. तिला सरासरी 21,430 मिळाले. त्या 80 अंकांनीच आणखी 4 हजार नेले.

जेवणाच्या सुट्टीत तिने लॉकर उघडला तेव्हा पोझिशन्सच्या पानावर काही नव्हतं. ऑर्डर बुकमध्ये विक्रीची एक ऑर्डर होती, तिने न दिलेली. तिने ग्राहक सेवा केंद्राला फोन लावला. बराच वेळ संगीत ऐकल्यावर एका तरुण मुलाचा आवाज आला.

"मला न विचारता माझा सौदा कापला कुणी?"

"मॅडम, मार्जिन शॉर्टफॉल होता. आरएमएसने स्क्वेअर ऑफ केलंय. मेसेज गेलेत तुम्हाला."

"अहो, पण मी पैसे भरले असते ना! अर्धा तास तरी थांबायचं!"

"पॉलिसीत आहे मॅडम, नोटीस न देता करता येतं. तुमच्या अकाउंट ओपनिंगच्या डॉक्युमेंट्समध्ये आहे बघा."

तो मुलगा खोटं बोलत नव्हता. सेबीच्या नियमानुसार प्रत्येक ब्रोकरला खातं उघडताना आपली धोरणं आणि कार्यपद्धती लेखी द्यावी लागतात. ग्राहकाने देणी भरली नाहीत तर त्याला नोटीस न देता त्याचे सौदे कधी बंद केले जातील, यावर त्यात वेगळं कलम असतंच. अनघाने तो कागद कधी उघडला नव्हता. किती टक्क्यांवर कापायचं, आधी कळवायचं की नाही, पूर्ण सौदा कापायचा की गरजेपुरता, हे ब्रोकरगणिक वेगळं असतं. तिच्या बाबतीत एकच लॉट विकला असता तरी मार्जिनचा प्रश्न मिटला असता, कारण उरलेल्या लॉटला 70 हजारच लागत होते आणि खात्यात 90 हजारांच्या आसपास होते. पण कलमात "पूर्ण अथवा अंशतः" असं लिहिलेलं होतं, आणि निवड कंपनीची होती.

हे वाचून ब्रोकरचा राग येणं साहजिक आहे. तरी तो का थांबत नाही, हे समजून घेतलं पाहिजे. फ्युचरमध्ये कुणाचा तोटा हा दुसऱ्या कुणाचा नफा असतो, आणि तो रोज चुकता केला जातो. संध्याकाळच्या भावावर प्रत्येकाचा हिशेब होतो. हरलेल्याच्या खात्यातून पैसे निघतात आणि जिंकलेल्याच्या खात्यात जातात. याला मार्क टू मार्केट म्हणतात. मधे क्लिअरिंग कॉर्पोरेशन असते. ती जिंकलेल्याला पैसे देण्याची हमी घेते आणि ते ब्रोकरकडून वसूल करते. ग्राहकाने भरले की नाही, हा तिचा प्रश्न नसतो. अनघाचे 1 लाख 80 हजार संपल्यावरही निफ्टी पडत राहिला असता, तर पुढचा प्रत्येक रुपया ब्रोकरला स्वतःच्या खिशातून भरावा लागला असता आणि मग अनघाच्या मागे लागावं लागलं असतं. अनामत संपायच्या आत सौदा कापणं हे ब्रोकरचं संरक्षण आहे, आणि एका अर्थाने ग्राहकाचंही. कारण फ्युचरमध्ये तोटा ठेवलेल्या पैशापाशी थांबत नाही. खातं उणे झालं तर ते कर्जच असतं.

मला यात खरी खंत वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. अनघाचा सौदा कापला गेल्यावर निफ्टी 21,281 चा तळ गाठून वळला. त्या दिवशी तो 21,884 वर बंद झाला, दुसऱ्या दिवशी 22,620 वर, आणि 7 जूनला 23,290 वर. अनघाने घेतलेल्या भावाच्या 40 अंक वर. बाजार वर जाईल हा तिचा अंदाज एका आठवड्याच्या हिशेबात बरोबर होता. तरी तिचे 91 हजार गेले, कारण तळाशी असताना थांबायला लागणारे पैसे तिच्याकडे नव्हते. हे फक्त निकालाच्या दिवसापुरतं नाही. उसन्या बळावर घेतलेल्या सौद्यात शेवटी कुठे पोचणार यापेक्षा वाटेत किती खोल जाणार याला जास्त किंमत असते.

त्या शनिवारी अनघा वही घेऊन बसली आणि तेच 1 लाख 80 हजार वेगळ्या तऱ्हेने मांडून पाहू लागली. एकच लॉट घेतला असता तर? 70 हजार अडकले असते, 1 लाख 10 हजार मोकळे. भागिले 25, म्हणजे 4,400 अंकांची जागा. 21,281 च्या तळालाही तोटा सुमारे 49 हजार झाला असता आणि मार्जिन कॉल आलाच नसता. पोटात गोळा आला असता तो वेगळा, पण शुक्रवारी सौदा हजार रुपये नफ्यात असता. आणि दोनच लॉट ठेवायचे असते तर? मार्जिनचे 1 लाख 40 हजार आणि तळापर्यंतच्या घसरणीचे साडेअठ्ठ्याण्णव हजार, मिळून सुमारे 2 लाख 38 हजार खात्यात हवे होते. तिच्याकडे 58 हजार कमी होते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे : तळ 21,281 ला आला हे नंतर कळलं, आधी कुणाला माहीत होतं? कुणालाच नाही. म्हणून अंदाज तळाचा करायचा नसतो. निफ्टीवर बाजारव्यापी सर्किट ब्रेकर आहेत : 10, 15 आणि 20 टक्के. 4 जूनला निफ्टी आदल्या बंद भावापासून साडेआठ टक्के पडला, पहिल्या टप्प्याच्याही आतच. निकालासारखा दिवस पार करायचा असेल, तर निदान 10 टक्क्यांची घसरण खातं पचवतं का, एवढं पाहायला भविष्य कळावं लागत नाही. अनघाचं खातं पचवत होतं साडेतीन टक्के.

दुसरा मार्ग स्टॉप लॉसचा होता. 22,900 ला विकण्याची ऑर्डर आधीच लावून ठेवली असती, तर साधारण साडेसतरा हजारांवर तोटा थांबला असता. तिच्या मामेभावाने नंतर हेच ऐकवलं. ते खरं आहे, पण अपुरं आहे. बाजार सलग उतरत असेल तर स्टॉप लॉस चालतो. तो रात्रीत किंवा एका झटक्यात खाली उघडला, तर विक्री ठरवलेल्या भावाच्या बऱ्याच खाली होते. ऑर्डरला किमान भावाची मर्यादा घातलेली असेल आणि बाजार तिच्याखाली उडी मारून गेला, तर विक्री होतही नाही. शिवाय स्टॉप लॉस लागला असता तरी शुक्रवारच्या उसळीत अनघा नसतीच. स्टॉप लॉस तोटा मर्यादित ठेवतो. सौदा टिकवायचा असेल तर खात्यात मोकळी जागाच लागते. दोन्ही कामं वेगळी आहेत आणि दोन्ही सौदा घेण्याआधी ठरवायची आहेत, कारण लॉकरमध्ये फोन असताना त्यातलं काहीच करता येत नाही.

आणखी एक गोष्ट तिला उशिरा कळली. मार्जिनचा आकडा कायमचा ठरलेला नसतो. बाजारातली चंचलता वाढली की मार्जिन वाढवलं जातं, आणि त्यासाठीचे हिशेब दिवसातून अनेकदा नव्याने होतात. म्हणजे भाव पडून खात्यातले पैसे कमी होत असतानाच गरजेची रक्कम वर सरकू शकते. वहीतली 800 अंकांची जागा ही म्हणूनच जास्तीत जास्त जागा, प्रत्यक्षात ती त्याहून कमी असू शकते.

सप्टेंबर 2024 मध्ये सेबीने एक अभ्यास प्रसिद्ध केला. 2021-22 ते 2023-24 या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडरांपैकी 93 टक्के तोट्यात होते, सरासरी तोटा माणशी सुमारे दोन लाख. त्यानंतर सेबीने नव्या करारांची किमान किंमत 15 लाखांवर नेली आणि नोव्हेंबर 2024 पासूनच्या नव्या निफ्टी करारांचा लॉट 25 चा 75 झाला. 12 टक्क्यांच्या हिशेबाने तेव्हा अशा एका लॉटलाच दोन लाखांच्या वर मार्जिन लागत होतं. अनघाचे 1 लाख 80 हजार त्यात एका लॉटलाही पुरले नसते. "एकच लॉट घेऊन बघते" हा पर्याय लहान खात्यांपुरता तिथे मिटला, आणि माझ्या मते ते चांगलंच झालं. ज्याला मोकळी जागा ठेवणं परवडत नाही, त्याला तो सौदाच परवडत नसतो.

अनघाकडे 89 हजार उरले. ते तिने बँकेत परत घेतले. राहिला प्रश्न आयकराचा, आणि इथे अनेक पगारदार चुकतात. फ्युचरमधला तोटा हा शेअर विक्रीतला तोटा धरत नाहीत, तो व्यवसायातला तोटा असतो. त्यामुळे नेहमीचा सोपा आयटीआर-1 चालत नाही, आयटीआर-3 भरावा लागतो. हा तोटा पगारातून वजा होत नाही. पण विवरणपत्र मुदतीत भरलं तर तो पुढची आठ वर्षं ओढता येतो आणि त्या काळात व्यवसायाचं उत्पन्न झालं तर त्यातून वजा करता येतो. मुदत चुकली की हा हक्क जातो. अनघाने कॉन्ट्रॅक्ट नोट, ब्रोकरचं वर्षाचं नफा-तोटा पत्रक आणि फॉर्म 16 असं सगळं घेऊन सीए गाठला आणि 91 हजारांचा तोटा, वर दलाली आणि करांचे काही शे रुपये, विवरणपत्रात रीतसर दाखवला.